अंबाबाईच्या दर्शनास कोणत्या वेळीं जावें?

कोल्हापुरांत घर असलें म्हणजे वर्षांतून दहा-वीस वेळां तरी परगांवच्या आप्तांचा एकच प्रश्न येतो : "देवीच्या दर्शनाला कधीं यावें?" पुसणाराच्या मनांत बहुधा तिथि किंवा वार असतो. शुक्रवार धरावा कीं मंगळवार, पौर्णिमा साधावी कीं नवरात्र, असा त्याचा हिशेब चाललेला असतो. परंतु ज्यास देवी खरोखर डोळ्यांनीं पाहावयाची आहे, व ज्याच्या सोबतीला म्हातारीं माणसें किंवा लहान मुलें आहेत, त्यानें वाराआधीं घटकेचा विचार करावा, असें आमचें मत आहे. एकाच दिवशीं एकाच देवळांत पहाटे पांच वाजतां गेलेला मनुष्य व दुपारीं बारा वाजतां गेलेला मनुष्य हे दोघे जणूं दोन निराळ्या देवळांतून परत येतात.

हें असें कां होतें, हें समजण्यासाठीं देवळाची ठेवण ध्यानांत आणिली पाहिजे. अंबाबाईचें देऊळ पश्चिमाभिमुख आहे. महाद्वारांतून आंत आलें कीं समोर गरुडमंडप, मग गणपतीचा चौक, मग कासव चौक, त्यापुढें पितळी उंबरठा, त्यापुढें चांदीचा उंबरठा आणि शेवटीं गाभारा, अशी सगळी रचना एका सरळ रेषेंत आहे. देऊळ काळ्या पाषाणाचें, खांबांचें रान दाट, आणि भिंतींना खिडक्या अशा नाहींतच म्हटलें तरी चालेल. त्यामुळें आंत येणारा उजेड काय तो त्या पश्चिमेच्या वाटेनें येतो, आणि जसजसें आंत जावें तसतसा तो झपाट्यानें कमी होतो. मूर्तिही काळ्या पाषाणाची, उंचीनें सुमारें तीन फूट. मस्तकावर नागफणा व लिंग, पाठीशीं सिंह, चार हातांत म्हाळुंग, गदा, ढाल व पानपात्र. वस्त्रालंकारांनीं बहुतेक अंग झांकलेलें असतें. पाहावयाचें राहतें तें मुख. आणि तें पाहावयास मिळतात ते मोजके क्षण.

आतां विचार करा. भर दुपारच्या उन्हांत चकाकणाऱ्या फरशीवर अर्धा तास उभा राहिलेला मनुष्य त्या अंधाऱ्या खांबांतून गाभाऱ्यासमोर येतो. मनुष्याच्या डोळ्यांस उजेडांतून अंधारांत आलें म्हणजे जुळवून घ्यावयास वेळ लागतो. बाहुली मोठी व्हावयास कांहीं क्षणच पुरतात; परंतु डोळ्याच्या आंतल्या पडद्यास अंधाराची सवय व्हावयास प्रथम पांच-दहा मिनिटें, आणि पुरती सवय व्हावयास वीस मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत लागतात. वय वाढलें म्हणजे हा काळही वाढतो, बाहुलीही पूर्वीइतकी उघडत नाहीं, आणि मोतीबिंदूची छाया धरलेली असली तर गाभाऱ्यांतील दिव्यांचा झगमगाटच तेवढा डोळ्यांत भरतो. मूर्तीसमोर उभें राहून माणसें "पुढें चला, पुढें चला" ह्या पुकाऱ्यांत बाहेर पडतात, आणि ओसरीवर टेकल्यावर हळूच सांगतात कीं, दागिने दिसले, पण मुख कांहीं नीट दिसलें नाहीं. ह्यांत भक्तीची उणीव नाहीं. डोळ्याचा धर्मच तो आहे.

आमची वडील बहीण आक्का ही साताऱ्यास असते. वय अठ्याहत्तर; एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्यांत काचबिंदूचा आरंभ. पाठोपाठच्या दोन वर्षीं मुलांनीं तिला मोठ्या हौसेनें कोल्हापुरास आणिलें. दोन्ही वेळां मोटार सकाळीं आठाला साताऱ्याहून निघाली, अकराच्या सुमारास गांवांत शिरली आणि बाराच्या उन्हांत मंडळी रांगेस लागली. दोन्ही वेळां आक्का तीच खंत घेऊन परत गेली. तिसऱ्या खेपेस तिच्या थोरल्या मुलानें, म्हणजे आमच्या भाच्यानें, दूरध्वनीवरून विचारलें, "मामा, यंदा किरणोत्सवालाच आणूं का आईला? सूर्याचे किरणच मुखावर पडतात म्हणतात, म्हणजे दिसेल तरी!" बोलणें तर्काला धरून होतें. तरीही आम्हीं त्यास नको म्हटलें. कां म्हटलें, तें सांगण्याआधीं किरणोत्सव म्हणजे काय हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. कारण देवळाची वेळ व सूर्याची वेळ ह्यांचा संबंध त्याच्याइतका दुसऱ्या कशानेंही स्पष्ट होत नाहीं.

वर्षांतून दोनदां, म्हणजे नोव्हेंबरच्या ९, १० व ११ ह्या तारखांस, आणि जानेवारीची ३१ व फेब्रुवारीची १ व २ ह्या तारखांस, मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारांतून शिरून त्या सगळ्या चौकांतून सरळ गाभाऱ्यांत पोंचतात. परंपरेनें पहिल्या दिवशीं चरण, दुसऱ्या दिवशीं वक्षःस्थळ व तिसऱ्या दिवशीं मुख असा क्रम सांगतात. ह्या तारखा अशा कां, हें शाळेंतल्या मुलालाही पटवितां येतें. सूर्य वर्षभर ठीक पश्चिमेस मावळत नाहीं. हिंवाळ्यांत तो दक्षिणेकडे सरकतो, २१-२२ डिसेंबरास दक्षिणेची हद्द गांठतो आणि मग परत फिरतो. जातांना ज्या ठिकाणीं तो मावळला, त्याच ठिकाणीं येतांनाही त्यानें मावळलें पाहिजे. नोव्हेंबरच्या १० तारखेपासून त्या हद्दीपर्यंत सुमारें बेचाळीस दिवस होतात, आणि तेथून पुढें बेचाळीस दिवस मोजले म्हणजे फेब्रुवारीची १ तारीख येते. ह्या दोन्ही वेळीं सूर्य आमच्या गांवीं ठीक पश्चिमेच्या दक्षिणेस सुमारें अठरा अंशांवर मावळतो. ज्यांनीं महाद्वार, चौक व गाभारा ह्यांची रेषा आंखिली, त्यांनीं ती त्या बिंदूकडे रोखलेली आहे, हें उघड आहे.

मात्र तारखा जुळ्या असल्या तरी घड्याळ जुळें नाहीं, आणि येथें पुष्कळ परगांवची मंडळी फसतात. नोव्हेंबरच्या ९ तारखेस कोल्हापुरास सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो; जानेवारीच्या ३१ तारखेस तो साडेसहाच्या आंत-बाहेर होतो. सूर्य आकाशांत त्याच जागीं, मग अर्ध्या तासाचा फरक कशामुळें? आपलें घड्याळ ८२॥ रेखांशाच्या मानानें चालतें, आणि कोल्हापूर आहे ७४। रेखांशाच्या जवळ. एका अंशास चार मिनिटें ह्या हिशेबानें आमचा खरा मध्यान्ह घड्याळाच्या मागें सरासरीनें तेहेतीस मिनिटें, म्हणजे बारा वाजून तेहेतीस मिनिटांनीं येतो. ह्या सरासरींत पुन्हां पृथ्वीच्या लंबवर्तुळाकार कक्षेमुळें व तिच्या अक्षाच्या कलण्यामुळें वर्षभर कमीअधिक होत असतें. नोव्हेंबरच्या आरंभीं मध्यान्ह बारा सतराच्या सुमारास येतो, फेब्रुवारीच्या आरंभीं बारा सत्तेचाळीसच्या सुमारास. तोच अर्ध्या तासाचा फरक संध्याकाळीं दिसतो. म्हणून नोव्हेंबरांत किरण पाहावयास जाणारानें पांचाच्या आंत देवळांत पोंचलेलें असावें. जानेवारींत त्यास अर्धा तास सवड आहे. पण नोव्हेंबरच्या अनुभवावर विसंबून जानेवारींत जाणारा अर्धा तास फुकट उभा राहतो, आणि उलट करणारा सगळेंच गमावून बसतो.

किरण मूर्तीवर राहतात तें थोडीं मिनिटेंच. सूर्य एक अंश सरकावयास चार मिनिटें लागतात, आणि त्याचें बिंब आहे अर्ध्या अंशाचें. तो जसजसा खालीं उतरतो तसतसा उजेडाचा पट्टा कासव चौकांतून पितळी उंबरठा, चांदीचा उंबरठा असा आंत जातो आणि चरणांपासून वर चढतो. त्याच वेळीं सूर्य खालीं उतरतांना किंचित् उत्तरेकडेही तिरपा सरकत असतो, म्हणून आंतील पट्टा दक्षिणेकडे, म्हणजे देवीच्या डाव्या अंगाला सरकतो. वर चढणें व बाजूला सरकणें ह्या दोन गतींची ती शर्यत असते. क्षितिजावर ढग असला, हवेंत ओलावा व धूळ असली, किंवा वाटेंत एखादें उंच बांधकाम आलें, म्हणजे पट्टा कमरेपर्यंत चढतो न चढतो तोंच फिकट होऊन विरतो. हें आधीं ओळखण्याची एक सोपी खूण आहे. सूर्यास्ताच्या अर्ध्या तासापूर्वीं आवारांतील फरशीवर आपली स्वतःची सावली पाहावी. तिची कड रेखीव असेल तर किरण पोंचण्याची आशा धरावी. कड विरघळल्यासारखी दिसत असेल व सूर्य लालभडक पण निस्तेज झाला असेल, तर क्षितिजाला लागण्यापूर्वींच तो हवेंत बुडणार असें समजावें.

आतां आम्हीं भाच्यास नको कां म्हटलें, तें सांगतों. किरणोत्सवाच्या संध्याकाळीं त्या अरुंद रेषेंत उभें राहावयास जागा मिळते ती थोड्यांस. दर्शनाची रांग त्या वेळापुरती थांबविलेली असते, आंतील दिवे मालविलेले असतात, आणि गर्दी इतकी कीं आवारांत पडद्यावर चित्र दाखवावें लागतें. अठ्याहत्तर वर्षांच्या बाईस दोन तास त्या दाटींत उभी करावयाची, आणि शेवटीं तिच्या वांट्याला यावयाचा पडदाच! शिवाय तिचें तोंड गाभाऱ्याकडे असलें तरी मागें वळून पाहिलें कीं मावळतीचा सूर्य थेट डोळ्यांत. काचबिंदूच्या डोळ्यास एकदां तसा झोत बसला म्हणजे पुढें कितीतरी वेळ समोर काळा डाग नाचत राहतो. किरणोत्सव हा तरुणांनीं व जिज्ञासूंनीं पाहावा. ज्यास गर्दी सोसत नाहीं पण ती किमया पाहावयाची आहे, त्यानें ठरलेल्या तारखांच्या चार-पांच दिवस आधीं किंवा नंतर, सूर्यास्तापूर्वीं पाऊण तास, साध्या दिवसाच्या गर्दींत जावें. किरण गाभाऱ्यापर्यंत जात नाहींत. मध्येंच कुठें तरी खांबावर चढून बाजूला निघून जातात. परंतु उजेडाचा पट्टा देवळांत शिरतो कसा, चालतो कसा, हें सगळें स्वस्थपणें पाहावयास मिळतें. आम्हांस स्वतःस हें पाहणें उत्सवाच्या दिवसापेक्षां अधिक आवडतें.

आक्काकरितां आम्हीं फेब्रुवारीचा दुसरा आठवडा ठरविला. उत्सवाची गर्दी ओसरलेली, थंडी सौम्य झालेली, ऊन अजून तापूं लागलेलें नाहीं. वार मात्र पाहिला. देवीचे मानाचे वार शुक्रवार व मंगळवार, शुक्रवारीं रात्रीं पालखीही निघते. शनिवार-रविवारीं सुटीची झुंबड. पौर्णिमेस जोतिबाला जाणारी मंडळी इकडेही वळतात. उरले बुधवार, गुरुवार व सोमवार. तेव्हां बुधवारीं संध्याकाळपर्यंत मंडळींनीं आमच्या घरीं यावें, रात्रीं लवकर निजावें, आणि गुरुवारीं पहाटे देवळांत जावें, असा बेत ठरला. भाचा म्हणाला, "मामा, साताऱ्याहून पहाटे तीनला निघून थेट देवळांतच येतों कीं! मुक्कामाचा त्रास तुम्हांला कशाला?" त्यास म्हटलें, "बाबा, मुक्काम आमच्यासाठीं नाहीं, तुझ्या आईच्या डोळ्यांसाठीं आहे. रात्रभर समोरून येणाऱ्या मोटारींचे दिवे डोळ्यांवर घेऊन ती गाभाऱ्यांत काय पाहणार?"

देऊळ पहाटे साडेचारच्या आंत-बाहेर उघडतें. घंटानाद होतो, काकड आरती होते. ह्या वेळा ऋतूप्रमाणें व उत्सवाप्रमाणें थोड्याफार बदलतात; निघण्यापूर्वीं विचारून घ्याव्या. आम्ही पांचाला घरून निघालों. देवळाच्या अगदीं जवळ वाहनें जाऊं देत नाहींत. बिंदू चौकाच्या बाजूस मोटार लावून तेथून भवानी मंडपावरून आक्का सावकाश चालत आली, एकदां वाटेंत टेकली. तिच्या अंगावर शाल होती, परंतु पायमोजे आम्हीं मुद्दाम घालूं दिले नाहींत. पहाटेची फरशी गार असते हें खरें. पण गुळगुळीत झालेल्या दगडावर मोजे घसरतात, आणि उंबरठे ओलांडतांना पायाला दगड कळला पाहिजे.

पहाटेच्या वेळेचें मर्म असें आहे. फेब्रुवारीच्या आरंभीं कोल्हापुरास सूर्योदय सातनंतर होतो. साडेपांचाला आवार आंतल्याइतकेंच अंधारें असतें. म्हणजे घरापासून निघाल्यापासूनच डोळ्याची अंधाराशीं ओळख सुरू झालेली असते, आणि रांगेंतील प्रत्येक मिनिट त्या ओळखींत भर घालतें. भर दुपारीं जी रांग डोळ्यांचा घात करते, तीच पहाटे डोळे तयार करून देते. आक्कास आम्हीं एवढेंच सांगितलें होतें कीं, वाटेंतल्या दिव्यांकडे व कुणाच्या हातांतील दूरध्वनीच्या उजेडाकडे पाहूं नको. खालीं पाहत चल. आणि पितळी उंबरठा ओलांडल्यावर प्रथम समईकडे न पाहतां समईच्या वर, मधोमध पाहा. रांग त्या दिवशीं अर्ध्या तासाच्या आंत गाभाऱ्यासमोर पोंचली. पुढें असलेलीं माणसें दहा-बारा. पुजाऱ्यांनीं म्हातारी पाहून तिला दोन क्षण अधिक उभें राहूं दिलें. ती कांहीं बोलली नाहीं. बाहेर आल्यावर ओसरीवर बसून तिनें पदरानें डोळे पुसले आणि म्हणाली, "नथ डोलत होती रे!" नथ डोलत होती कीं समईची ज्योत हालत होती, हा वाद आम्हीं घातला नाहीं. मुख दिसल्याखेरीज नथ दिसत नाहीं, एवढें आम्हांस पुरें होतें.

पहाटेच्या वेळेस एक उणीव आहे, ती सांगितली पाहिजे. पूर्ण अलंकारांची पूजा बांधली जाते ती दुपारीं, अभिषेक व नैवेद्य झाल्यानंतर. ज्यांस नटलेली देवी पाहावयाची असेल, त्यांस पहाटे ती थाटमाटांत दिसणार नाहीं. अशांस आम्ही रात्रीची वेळ सुचवितों. सूर्यास्तानंतर अर्ध्या-पाऊण तासानें आवारांतील उजेड मावळलेला असतो, म्हणून डोळ्यांस तोच लाभ मिळतो जो पहाटे मिळतो. मात्र सात ते साडेआठ हा वेळ गांवकऱ्यांचा. कचेरीतून सुटलेले, नव्यानें लग्न झालेले, भाजी घेऊन घरीं जाणारे असे सगळे त्या वेळीं येतात, आणि आठाच्या सुमारास धूपारतीकरितां रांग खोळंबते. धूपारती आटपल्यानंतर, नऊ ते शेजारतीपर्यंतचा वेळ साध्या वारीं बराच मोकळा असतो. म्हाताऱ्यांस रात्रीचें जागरण सोसत असेल तर ही वेळ पहाटेच्या खालोखाल चांगली.

सर्वांत वाईट वेळ कोणती, तेंही सांगून टाकावें. सकाळीं साडेआठ ते दुपारीं एक. मुंबईहून येणारी महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळीं स्थानकावर येते. उतारू मंडळी स्नान, चहा-फराळ आटपून साधारण नवानंतर देवळांत जमतात. खासगी प्रवासी गाड्याही त्याच सुमारास येतात. आणि नेमक्या ह्याच वेळांत अभिषेकाकरितां गाभाऱ्यासमोरची रांग मधून मधून थांबते. चालणारी रांग लांब असली तरी सोसते. थांबलेली रांग आखूड असली तरी पायांत गोळे आणते. ज्यांस दुसरा इलाजच नाहीं, त्यांनीं मुखदर्शनाची निराळी रांग असते ती धरावी. तेथून मूर्ति लांब दिसते. पण वेळ फार थोडा लागतो. उन्हांतून येऊन हें दर्शन घ्यावयाचें असेल, तर आधीं सावलीच्या ठिकाणीं दहा मिनिटें डोळे अर्धे मिटून बसावें, मग रांगेस लागावें.

उन्हाळ्याची गोष्ट निराळी आहे, व तेथें डोळ्यांपेक्षां पायांची चिंता अधिक. चैत्र-वैशाखांत कोल्हापुरांत पारा बहुधा सदतीस-अडतीस अंशांपर्यंत जातो. नागपूर-जळगांवच्या मानानें हें कांहींच नव्हे. परंतु काळा दगड ऊन पितो. हवा तापते त्याहून फरशी कितीतरी अधिक तापते, आणि देवळांत जोडा चालत नाहीं. मे महिन्याच्या ६ तारखेच्या सुमारास तर सूर्य ऐन माथ्यावर येतो; दुपारीं साडेबाराला उभ्या माणसाची सावली त्याच्या पायाखालींच राहते, आणि शिखराची किंवा भिंतीची सावलीही आवारांत पडत नाहीं. दगडाचा कडाका त्या क्षणीं नव्हे तर त्यानंतर तास-दोन तासांनीं, दोन-अडीचच्या सुमारास होतो. कारण त्यानें प्यालेलें ऊन सांठत जातें. त्या दिवसांत आवारांत काथ्याच्या पट्ट्या अंथरतात, मांडवही घालतात. पण पट्टी सोडून मूल चार पावलें धांवलें कीं तळवे भाजतात. म्हणून उन्हाळ्यांत मुलें बरोबर असतील तर नऊच्या आंत बाहेर पडावें, किंवा सूर्य मावळल्यावरच यावें. चार-पांच वाजतां "ऊन उतरलें" म्हणून येणाऱ्यांस वाटतें तितकें सुख मिळत नाहीं. दगड अजून गरमच असतो, आणि देऊळ पश्चिमाभिमुख असल्यामुळें समोरच्या अंगणांत तिरपें ऊन भरलेलें असतें. वळिवाचा पाऊस झाला तर मात्र सगळेंच बदलतें. सर पडून गेल्यावर अर्ध्या तासांत दगड निवतो, हवा धुतली जाते, आणि आडोशाला गेलेली गर्दी परतलेली नसते. गांवांत राहणारे जाणते लोक अशा संध्याकाळीं छत्री घेऊन देवळाकडे निघतात.

एवढें दर्शनाचें झालें. पण कांहीं थोड्या लोकांस देऊळच पाहावयाचें असतें, आणि अशांचा विसर पडूं नये. बाहेरच्या भिंतींचे कोनेकंगोरे, त्यांवरील योगिनी व सुरसुंदरी ह्यांचें कोरीवकाम पाहावयास पहाट उपयोगी नाहीं व दुपारही नाहीं. काळ्या दगडावरचें कोरीवकाम सपाट उजेडांत मरतें. त्यास तिरपें ऊन लागतें. हिंवाळ्यांत सकाळीं आठ ते नऊ ह्या वेळांत दक्षिणेकडील भिंतीवर पूर्वेकडून तिरपा उजेड येतो, तेव्हां एकेका मूर्तीचा हात, कंबर, दागिन्यांचे घाट सावलीनें उठून दिसतात. तीच भिंत बाराला पाहिली तर काळा दगड एवढेंच दिसतें. उत्तरेकडील भिंतीस हिंवाळ्यांत सूर्याचा लाभ जवळजवळ नाहींच. तिच्यासाठीं एप्रिल-मेची उतरती संध्याकाळ धरावी, कारण तेव्हां सूर्य वायव्येकडे झुकून त्या भिंतीवरून तिरपा सरकतो. पावसाळ्यांत ढगाळ हवेंत उजेड सगळीकडे सारखा पसरतो. कोरीवकाम फारसें उठत नाहीं, पण ओल्या दगडाला जी गर्द काळी झांक येते, ती पाहण्यासारखी असते.

नवरात्राविषयीं कांहीं जण विचारतील. त्या नऊ दिवसांत वर सांगितलेल्यांपैकीं कोणतीही युक्ति चालत नाहीं. पहाटे चारालाही रांग असते आणि रात्रीं अकरालाही असते. पंचमीस देवी त्र्यंबोलीस जाते, अष्टमीस नगरप्रदक्षिणेस निघते, त्या दोन दिवसांत तर गांवाचे रस्तेच बदलतात. तो सोहळा पाहावयास अवश्य यावें. परंतु म्हातारें माणूस बरोबर असेल तर त्यास नवरात्र संपून कोजागिरीची गर्दीही ओसरल्यावर, पुढच्या बुधवारीं किंवा गुरुवारीं आणावें. मंडपाच्या दुरुस्तीसारखीं कामें निघतात तेव्हां रांगेची वाट बदलते, कधीं एका दरवाजाकडून तर कधीं दुसऱ्या. म्हणून आदल्या संध्याकाळीं घरांतील एका तरुणानें एक फेरी मारून रांग कोठून सुरू होते, बसावयास जागा कोठें आहे आणि जोडे कोठें ठेवावयाचे, हें पाहून ठेवावें. आमच्या नातवानें त्या बुधवारीं हें काम केलें, आणि येतांना आक्कासाठीं सोनचाफ्याची फुलें आणलीं; तीं रात्रभर ओल्या फडक्यांत ठेवून पहाटे तिच्या ओंजळींत दिलीं.